दोन हजार आठशे पन्नास किलोंचं भाडं

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या या फाउंड्रीच्या डिस्पॅच शेडमध्ये सहा लाकडी पॅलेट एका ओळीत उभी आहेत. प्रत्येकावर पंपांच्या बॉडी, मशिनिंग केलेल्या बाजूंना गंजरोधक तेल चोपडलेलं, वरून प्लॅस्टिक आणि पट्ट्या आवळलेल्या. डिस्पॅच सांभाळणारे अण्णा हँडपॅलेटने एकेक पॅलेट काट्यावर नेतात, आकडा स्थिर होईपर्यंत थांबतात आणि वहीत लिहितात. सहाची बेरीज २,७४० किलो होते. शेजारी पंख्यांच्या कव्हरचे दोन मोठे क्रेट आहेत. बघायला पॅलेटपेक्षा उंच, पण दोन्ही मिळून वजन फक्त ११० किलो. एकूण २,८५०. माल बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या गिऱ्हाइकाकडे जायचा आहे. आज गुरुवार आहे आणि त्यांना तो सोमवारी सकाळी लाइनवर हवा आहे.

मी इथं खर्चाचा हिशेब मांडायला येतो, पण आज माझं काम बाजूला राहिलंय. अण्णा आणि मालक यांच्यात दोन कागदांवरून बोलणं चाललंय आणि ते सोडून उठावंसं वाटत नाही. एक कागद पार्ट लोड नेणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या दरांचा आहे. दुसऱ्यावर गाडी पुरवणाऱ्या एजंटाने सकाळी फोनवर सांगितलेला एकच आकडा आहे: चौदा फुटी आयशर, चार टन पासिंग, पीण्यापर्यंत १९,००० रुपये, मग आत माल कितीही असो.

मालक पहिला कागद पुढे ओढतात. बेंगळुरूसाठी हजार किलोपर्यंत किलोला ६ रुपये, हजाराच्या वर ५ रुपये २० पैसे, तीन हजार आणि त्याच्या वर ४ रुपये ६० पैसे. "अण्णा, दोन हजार आठशे पन्नास गुणिले पाच-वीस, म्हणजे चौदा हजार आठशे वीस. फुल गाडीला एकोणीस. चार हजार जास्तीचे कशाला द्यायचे?"

"मालक, तो नुसता दर झाला. माल हितनं तिथवर पोचायला काय काय लागतंय ते धरा की."

अण्णा वहीचं मागचं पान उघडतात. गेल्या काही महिन्यांच्या बिल्ट्यांची बिलं त्यांनी तिथं फोडून लिहिली आहेत. पार्टचा माल आपल्या दारातून उचलला जात नाही, तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेऊन द्यावा लागतो. त्या टेम्पोचे १,२००. बिल्टीचे १५०. दोन्ही टोकांची हमाली बिलात किलोला ५० पैसे लागते आणि पीण्यात कंपनीच्या गेटपर्यंत डिलिव्हरीचे किलोला ६० पैसे वेगळे. फुल गाडी मात्र शेडमध्ये येते, आपल्याच क्रेनने भरली जाते आणि तिकडे गिऱ्हाइकाची फोर्कलिफ्ट ती उतरवते. तिथं वरचा खर्च नाही.

पान माझ्याकडे सरकतं आणि मी आकडे मांडतो. भाडं १४,८२०, हमाली आणि डिलिव्हरी मिळून ३,१३५, टेम्पो आणि बिल्टीचे १,३५०. बेरीज १९,३०५. फुल गाडीपेक्षा ३०५ रुपये जास्त.

मालक पान स्वतःकडे घेतात आणि बेरीज पुन्हा करून बघतात. मला हे आवडतं. दारापासून दारापर्यंतचा खर्च जोवर एका पानावर येत नाही तोवर दोन दरांची तुलना होतच नाही, आणि बहुतेक छोट्या कारखान्यांत तो एका पानावर येत नाही. टेम्पोचा खर्च किरकोळमध्ये पडतो, हमाली महिन्याच्या बिलात मिसळते, आणि भाडं म्हणून डोळ्यांपुढे राहतो तो किलोचा दर.

"मग किती किलोपासून फुल गाडी परवडते, तेवढा एक आकडा काढून द्या," मालक मला म्हणतात. "तो भिंतीवर लावून टाकू."

काढायची रीत सोपी आहे. फुल गाडीच्या भाड्यातून पार्टचा ठरलेला खर्च वजा करायचा, म्हणजे १९,००० मधून १,३५०. उरतात १७,६५०. याला पार्टच्या किलोमागच्या सगळ्या खर्चाने भागायचं. तीन हजारांच्या वरचा दर घेतला तर ४.६० अधिक १.१० म्हणजे ५.७० रुपये, आणि उत्तर येतं सुमारे ३,०९७ किलो. पण ५.२० चा दर घेतला तर किलोमागे ६.३० होतात आणि उत्तर येतं २,८०२ किलो. एकाच कागदातून दोन बरोबरीची वजनं निघतात, आणि दोन्ही आपापल्या टप्प्यात बसतात.

मी आडवी रेघ मारून वजनं मांडतो. २,८०२ किलोपर्यंत पार्ट स्वस्त. तिथून तीन हजारांपर्यंत फुल गाडी स्वस्त. तीन हजाराला दर खाली येतो आणि पार्ट पुन्हा स्वस्त होतो, पण जेमतेम शंभर किलोंपुरताच. ३,०९७ नंतर फुल गाडी, आणि मग गाडी भरेपर्यंत फुलच. आपला २,८५० चा माल नेमका मधल्या पट्ट्यात येऊन पडलाय.

अण्णा रेघेकडे बराच वेळ बघतात. "म्हंजे तीन हजार किलो पाठवलं तर अठ्ठावीसशे पन्नासपेक्षा कमी पैसे पडतात?"

पडतात. २,८५० ला १९,३०५, आणि तीन हजाराला १८,४५०. दर टप्प्याटप्प्याने उतरतो तिथं प्रत्येक टप्प्याच्या अलीकडे असा एक पट्टा असतोच, ज्यात माल कमी असून बिल जास्त येतं. त्यावर उपायही जुना आहे. बिल्टीवर वजनाचे दोन रकाने असतात, प्रत्यक्ष वजन आणि चार्ज वजन. प्रत्यक्षमध्ये खरं वजन लिहायचं आणि चार्जच्या रकान्यात तीन हजार लिहायला सांगायचं. दीडशे किलोंचं भाडं न पाठवलेल्या मालाचं भरायचं, पण सगळ्याच किलोंना खालचा दर मिळवायचा. या कागदावर हे परवडायला लागतं साधारण २,६५४ किलोंपासून, कारण तीन हजार गुणिले ४.६० म्हणजे १३,८००, आणि ५.२० च्या दराने तेवढंच भाडं २,६५४ किलोंना होतं.

अण्णा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन लावतात आणि स्पीकर चालू करतात. "भाऊ, बेंगळुरूचा माल हाय, अठ्ठावीसशे पन्नास. चार्ज वजन तीन हजार धरा आणि चार-साठचा रेट लावा."

पलीकडे थोडा वेळ शांतता, मग कीबोर्डचा आवाज. "चालतंय अण्णा, पण हमाली आणि डिलिव्हरी खऱ्या वजनावर लागंल. आणि माल मोजून घेणार हं, क्रेट हायत म्हणताय तर."

हमाली खऱ्या वजनावर लागणं आपल्या फायद्याचंच आहे. नवीन बेरीज: १३,८००, ३,१३५ आणि १,३५०, म्हणजे १८,२८५. फुल गाडीपेक्षा ७१५ रुपये कमी. एका फोनने निकाल उलटतो आणि मालक समाधानाने खुर्चीला टेकतात.

अण्णांचं लक्ष मात्र 'मोजून घेणार' या शब्दांवर अडकलंय. ते टेप घेऊन क्रेटकडे जातात आणि मी मागे जातो. ट्रान्सपोर्टवाला नुसतं वजन बघत नाही. माल गाडीत किती जागा अडवतो तेही बघतो, आणि या दरपत्रकात घनफुटाला दहा किलो धरलेत. दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडं. अण्णा टेपचं टोक क्रेटच्या तळाच्या पट्टीपासून धरतात, फळीपासून नाही, कारण गोदामातला माणूसही तिथूनच मोजणार. लांबी चार फूट, रुंदी तीन, उंची चार. एका क्रेटचे ४८ घनफूट, दोघांचे ९६. म्हणजे ११० किलोंच्या कव्हरचं भाड्यापुरतं वजन ९६० किलो.

"अगं बया!" पॅकिंग करणाऱ्या मावशी हातातली पट्टी तशीच धरून बघत राहतात. "येवढ्याशा पत्र्याचं?"

आता पॅलेट. चार बाय तीन, उंची अडीच, एकाचे ३० घनफूट, सहाचे १८०. दहाने गुणलं तर १,८०० किलो, आणि खरं वजन आहे २,७४०. बीड जड, जागा कमी. सगळा माल एकाच बिल्टीवर घेतला तर एकूण २७६ घनफूट, म्हणजे २,७६० किलो, आणि खरं वजन २,८५०. खरं वजन जास्त, म्हणून भाडं त्याच्यावर. जड मालाच्या वजनात हलक्या मालाची जागा झाकली जाते. पण तोच माल दोन बिल्ट्यांवर गेला तर पॅलेटचे २,७४० आणि कव्हरचे ९६० मिळून ३,७०० किलोंचं भाडं लागेल. माल तोच, दिवस तोच, फक्त कागद दोन.

अण्णा वहीची पानं मागं उलटतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. मागच्या महिन्यात कव्हर दोन दिवस उशिरा तयार झाली म्हणून वेगळी पाठवली होती, आणि ते बिल एवढं का आलं हे तेव्हा कुणाला सांगता आलं नव्हतं. ट्रान्सपोर्टने फसवलं असंच सगळे धरून चालले होते. बिल आजच्या मापाशी ताडून बघितलं तर बरोबर निघतं.

हलका माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी बरोबरीचं वजन ठरवायची खरी जागा काटा नाही, टेप आहे. प्लॅस्टिकचे क्रेट, फोम, रिकामे डबे पाठवणाऱ्याने नुसत्या किलोंत हिशेब केला तर काट्यावर माल बरोबरीच्या खूप अलीकडे दिसतो आणि बिल केव्हाच फुल गाडीच्या पलीकडे गेलेलं असतं. इथं बीड आहे म्हणून निभावतंय.

आम्ही परत आल्यावर मालक म्हणतात, "मग ठरलं. एका बिल्टीवर, तीन हजार चार्ज वजन. पार्टनंच जाऊ दे."

मी बोलावं की नाही असं वाटतंय तोवर अण्णाच बोलतात. "सातशे रुपयं वाचतात हे खरं. पण माल सोमवारी सकाळी पायजे. पार्टची गाडी गोदामात माल जमल्याशिवाय सुटत न्हाई. पुढं हुबळीत उतरून दुसऱ्या गाडीत चढला तर आणि एक दिवस. सोमवार गाठंल असं मी सांगू शकत न्हाई."

फुल गाडी आज संध्याकाळी भरली तर कागल, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत उद्या दुपारपर्यंत पीण्यात पोहोचते. पीण्या तुमकूर रस्त्यावरच आहे, गाडीला शहर ओलांडावं लागत नाही. ई-वे बिलाचीही काळजी राहत नाही. २०२१च्या जानेवारीपासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे आणि हे अंतर साधारण सहाशे किलोमीटर. फुल गाडी एका रात्रीत तिथं असते. पार्टचा माल मधल्या गोदामात रेंगाळला की मुदत भरत येते, आणि संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते.

शिवाय मशिनिंग केलेल्या बाजू. माल जितक्या वेळा उतरेल आणि चढेल तितक्या वेळा पॅलेट कुठंतरी आपटायची शक्यता. पार्टच्या बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' छापलेलं असतंच. अण्णा एका पंपाच्या बॉडीचं तोंड दाखवतात, जिथं गॅस्केट बसते. चकचकीत, बोटाने चाचपलं तर काचेसारखं. इथं नखाएवढा ओरखडा पडला तरी गिऱ्हाईक नग परत पाठवतं. तो नग परत येण्याचं भाडं, पुन्हा मशिनवर चढवण्याचा वेळ, आणि तिकडे लाइनला एक पंप कमी. ७१५ रुपयांपुढे हे ठेवून बघायलाच हवं, पण मालकांना मी त्याचा आकडा देऊ शकत नाही आणि ते आकड्याशिवाय हलणार नाहीत.

आकडा सापडतो तो शेडच्या कोपऱ्यात. तिथं तीन लाकडी पेट्या ठेवल्यात, वर चुन्याने त्याच गिऱ्हाइकाचं नाव. आत इम्पेलर, तिन्ही मिळून ४१० किलो. माल तयार आहे, पण त्याचं शेड्यूल पुढच्या आठवड्याचं म्हणून तो थांबलाय.

"हे कसं जाणार?" मी विचारतो.

"पुढच्या गुरुवारी. पार्टनं."

चारशे दहा किलो म्हणजे हजाराच्या आतला दर, किलोला ६ रुपये, वर १.१० आणि ठरलेले १,३५०. एकूण ४,२६१. यात टेम्पो आणि बिल्टीच खर्चाचा तिसरा हिस्सा खातात. म्हणजे आज पार्टने १८,२८५ आणि पुढच्या गुरुवारी ४,२६१, दोन्ही मिळून २२,५४६. आणि आजच्या फुल गाडीत या तीन पेट्या टाकल्या तर? भाडं १९,०००च राहतं. गाडी एकदा पूर्ण घेतली की पासिंग भरेपर्यंत पुढच्या प्रत्येक किलोचं भाडं शून्य, आणि गाडीत अजून अकराशे पन्नास किलोंची जागा आहे. फरक ३,५४६ रुपयांचा.

मालक पान हातात घेतात. सकाळपासून आम्ही तिघं आजच्या मालाचं बरोबरीचं वजन शोधत होतो आणि शोधायचं होतं आठवड्याच्या मालाचं. ३,२६० किलोंना पार्टचा खर्च १९,९३२ येतो. ३,०९७ ची रेघ ओलांडली गेलीय आणि चार्ज वजनाची युक्तीही आता लागत नाही.

"जागेचं काय? वजन बसंल, पण पेट्या कुठं बसवणार?" मालकांचा प्रश्न रास्त आहे. अण्णा खडू घेऊन फरशीवरच गाडीचं माप आखतात. चौदा फूट लांब, सव्वासहा फूट रुंद. पॅलेट दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसतात, लांबीतले बारा फूट जातात, रुंदीतले सहा. पुढे केबिनच्या बाजूला दोन फुटांची पट्टी उरते. पेट्या पावणेदोन फुटी चौरस आहेत. तीन शेजारी शेजारी ठेवल्या तर सव्वापाच फूट होतात. बसतात. कव्हरचे क्रेट पॅलेटवर, मध्ये फळ्या, वर ताडपत्री. अण्णा आखलेल्या पट्टीत उभं राहून हात पसरून दाखवतात.

आता एकच अडचण, गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याचा माल या आठवड्यात घेईल का. स्टोअरवाल्यांना वेळेआधीचा माल नको असतो. त्यांची जागा अडते, आणि बिल आधी आलं की पैशांचे दिवसही आधीपासून मोजले जातात. मालक स्वतः फोन करतात. बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं कानडीत होतं. कानडी त्यांना सीमेजवळ राहून येते. "माल कल ले लो, पेमेंट का दिन अगले गुरुवार से गिनो." पलीकडून होकार येतो, अट एवढीच की गाडी उद्या तीनच्या आत गेटवर हवी, त्यानंतर स्टोअर माल उतरवून घेत नाही.

ही अट मी पानावर लिहून ठेवतो, कारण तिच्यातही भाडं आहे. गाडी तीननंतर पोहोचली तर शनिवारपर्यंत उभी राहील आणि एजंटाचं हॉल्टिंग दिवसाला १,५०० आहे. तेवढ्याने बरोबरीचं वजन अडीचशे किलोंहून जास्त वर सरकतं आणि आपले ३,२६० पुन्हा अलीकडे येतात. म्हणून गाडी इथून आज आठच्या आत सुटायला हवी.

"मग भिंतीवर आकडा लावायचा तो ३,०९७ च ना?" मालक विचारतात.

मी नको म्हणतो. तो आकडा १९,००० चा आहे आणि १९,००० आज सकाळचे आहेत. बेंगळुरूहून माल घेऊन आलेली एखादी गाडी कोल्हापुरात रिकामी उभी असली तर तिचा मालक परतीचं भाडं १६,५०० वरही घेतो. मग बरोबरी २,४०५ किलोंवर येते, आणि सकाळी आपण २,८५० साठी एवढा खल करायची गरजच पडली नसती. गाड्या कमी असल्या की उलटं. भिंतीवर लावायचा असेल तर भागाकार लावा, म्हणजे गाडीचा आजचा दर, त्यातून १,३५० वजा, भागिले ५.७०, आणि उत्तर तीन हजारांच्या आत आलं तर भागिले ६.३०. आणि त्याखाली तीन हजारांच्या अलीकडचा पट्टा लाल पेनाने.

अण्णा पुठ्ठ्याचा तुकडा शोधून लिहायला बसतात. लाल पेन सापडत नाही, मावशी पॅकिंगचा मार्कर देतात.

चारच्या सुमारास एजंटाचा फोन येतो. ठरलेली गाडी दुसरीकडे लागलीय. दुसरी आहे, तीच चौदा फुटी, पासिंग तेवढंच, पण ड्रायव्हर साडेएकोणीस मागतोय. मालक अण्णांकडे बघतात. अण्णा फोनवर हात ठेवून पुठ्ठ्याकडे वळतात. साडेएकोणीस हजारांतून साडेतेराशे गेले, राहिले अठरा हजार दीडशे. कॅल्क्युलेटरवर भागाकार करतात. ३,१८४.

"अजून शहात्तर किलो आपण वर हाय," ते म्हणतात, आणि हात काढून फोनमध्ये सांगतात, "लावा गाडी. पाचला शेडमध्ये पायजे."